सरासरी भाव गाठणं अवघड का?

१०० रुपयांचा एक शेअर घ्या. वार्षिक अपेक्षित वाढ १२ टक्के, चढउतार ३० टक्के. वर्षाअखेरीस त्याचा अपेक्षित भाव किती? सततच्या चक्रवाढीने सुमारे ११२ रुपये ७५ पैसे. मग तो भाव ओलांडण्याची शक्यता निम्मी असेल, असं वाटतं. ती फक्त ४४ टक्के आहे!

यामागे लॉगनॉर्मल प्रतिमान आहे. १९५९ मध्ये ऑस्बॉर्न यांनी मांडलं की भावाचा नव्हे, भावाच्या लॉगॅरिदमचा आलेख घंटेसारखा मानावा. त्यामुळे शेअर शून्याखाली जात नाही, पण वर मात्र कितीही चढू शकतो. मोजकेच उंच गेलेले भाव सरासरीला वर ओढतात. गावात एक कोट्यधीश राहायला आला की सरासरी उत्पन्न वाढतं, तसंच.

मधला भाव काढताना वाढीतून चढउताराच्या वर्गाचा निम्मा भाग वजा करायचा: ०.१२ उणे ०.०४५, म्हणजे ०.०७५. मधला भाव येतो १०७ रुपये ७९ पैसे.

आता लक्ष्य १२० रुपये. १.२ चा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.१८२, त्यातून ०.०७५ वजा करून ०.३० ने भागलं की ०.३६. घंटेच्या तक्त्यात त्यापलीकडे ३६ टक्के उरतात. दोन्हीकडे ३६ हा निव्वळ योगायोग.

खरी गोम १२ टक्क्यांतच आहे, कारण तो अंदाज असतो. शिवाय १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. या प्रतिमानानुसार तसा दिवस जवळजवळ अशक्यच होता.