एका शब्दाने उलटलेला पुणे करार

सराव परीक्षेची इतिहासाची प्रश्नपत्रिका आम्ही इंग्रजीत आणि मराठीत काढत होतो. इंग्रजी प्रश्न असा होता : पुणे कराराने 'सेपरेट इलेक्टोरेट्स'च्या जागी काय आले? मराठी मसुद्यात मात्र 'राखीव मतदारसंघांच्या जागी' असे उतरले. शब्द एकच चुकला, पण इतिहास उलटा झाला. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना विभक्त मतदारसंघ दिले होते. त्या जागांवरचा प्रतिनिधी अस्पृश्य मतदारच निवडणार होते. २४ सप्टेंबरच्या करारात बाबासाहेबांना ते सोडावे लागले आणि संयुक्त मतदारसंघांत प्रांतिक कायदेमंडळांच्या १४८ राखीव जागा आल्या. म्हणजे जे मिळाले, तेच गेले असे मराठी प्रश्न सांगत होता!

मग 'विभक्त' लिहून कंसात अर्थ दिला. त्याने मराठी माध्यमाच्या मुलाला आयती मदत मिळाली, इंग्रजीच्या मुलाला नाही. म्हणून कंसही काढला. शेवटी मूळ प्रश्न न पाहिलेल्या शिक्षकाकडून मराठी प्रश्न पुन्हा इंग्रजीत करून घेतला. तेव्हा 'सेपरेट' हाच शब्द परत आला. पहिल्याच मसुद्याला ही कसोटी लावली असती, तर 'रिझर्व्ह्ड' आला असता आणि चूक तिथेच सापडली असती.

आमच्या मुलांचे गुण जातील ते जातील. बाबासाहेबांनी काय गमावले, हेच त्यांच्या मनात चुकीचे रुजता कामा नये.