पुळीतले जंतू आणि चौदा दिवसांचा हिशेब

कुत्र्याच्या जांघेतली पिवळी पुळी निर्जंतुक सुईच्या टोकाने हलकेच फोडायची. आतला पू काचेच्या पट्टीवर दाबायचा, वाळू द्यायचा, रंगाच्या तीन बाटल्यांत बुडवून काढायचा आणि तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठा करून बघायचा. एवढ्याला काही मिनिटंच लागतात, पण भिंगाखाली जे दिसतं ते प्रत्येक वेळी थक्क करतं. वेड्यावाकड्या केंद्रकाच्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, जखमेकडे धावत आलेल्या असतात. त्यातल्या काहींच्या पोटात जांभळे गोल ठिपके असतात, तासगावच्या द्राक्षांसारखे घडाघडाने. गिळलेला जंतू आणि गिळणारी पेशी एकाच चौकटीत सापडलेली असते. अँटिबायोटिक द्यायचं की नाही, याची सुरुवात इथून होते.

सातारा-सांगली हा प्रदेश या प्रश्नासाठी मुद्दाम निवडावा असा आहे. पश्चिमेला पाटण, शिराळा, कोयनेच्या खोऱ्यात महिनोन्‌महिने ओल असते. पूर्वेला माण, आटपाडी, जत पावसाची वाट बघत बसतात. कृष्णाकाठची गावं या दोन्हींच्या मधे येतात. जून ते सप्टेंबरमध्ये घरच्या कुत्र्यांचे केस दिवसदिवस सुकत नाहीत, गोचीड आणि पिसवा वाढतात, खाजवून खाजवून त्वचेचा थर फाटतो. मग पोटावर, जांघेत, काखेत पुळ्या येतात. पुळी फुटली की कडेने साल सुटलेला गोल चट्टा राहतो, आणि मालकाला तो नायट्यासारखा वाटतो. पशुवैद्यकीय भाषेत हा पायोडर्मा. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही या दोन जिल्ह्यांत सकाळी म्हशीचा गर्भ तपासणारा डॉक्टरच दुपारी टेबलावर कुत्रा घेतो. त्याच्या हाताशी असलेली वेळ आणि साधनं लक्षात घेऊनच पुढचं सगळं वाचावं.

ते जांभळे ठिपके बहुतेक वेळा एकाच जंतूचे असतात, स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियसचे. हा जंतू निरोगी कुत्र्याच्या नाकपुडीत, तोंडात, गुदद्वाराजवळ मुकाट राहतो. म्हणजे तो बाहेरून आलेला नाही, घरचाच आहे. २००५ पर्यंत तर त्याला स्वतंत्र जात म्हणून ओळखही नव्हती, शेजारच्या नात्यातल्या जंतूंच्या नावाखाली तो मोजला जाई. त्वचा फाटली, ओली राहिली किंवा ॲलर्जीने सुजली की हा घरचा माणूस उठतो. म्हणूनच पुळ्या हे बहुतेकदा मूळ दुखणं नसतं. पिसवा, ॲलर्जी, डेमोडेक्स नावाचा सूक्ष्म किडा, थायरॉइडची कमतरता, यातलं काहीतरी मागे असतं. ते तसंच राहिलं, तर कितीही भारी गोळी दिली तरी दोन महिन्यांनी तोच कुत्रा त्याच टेबलावर येतो. दर फेरीत जंतूंना औषधाशी ओळख करून घ्यायची आणखी एक संधी मिळते.

एक कुत्रा समोर धरू. कऱ्हाडच्या एका घरातला, ऑगस्ट महिना, वजन १२ किलो. पोटावर आणि जांघेत पंधरा-वीस पुळ्या, चार-पाच गोल चट्टे, खाज आहे, ताप नाही, खाणंपिणं नीट. मालक म्हणतात, "डॉक्टर, एक स्ट्राँग सुई द्या की, लगेच उतरंल."

ती सुई बऱ्याचदा सेफ्ट्रायॅक्सोनची असते, सोबत स्टेरॉइड. स्टेरॉइडने खाज दुसऱ्या दिवशी थांबते आणि सुईने गुण आला असं वाटतं. पण सेफ्ट्रायॅक्सोन ज्यांच्यासाठी बनलं ते जंतू वेगळे. आतड्यातल्या इ. कोलायसारख्या जंतूंवर त्याची मुख्य मदार असते. जागतिक आरोग्य संघटनेने तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिन गटाला माणसांसाठी अतिमहत्त्वाच्या औषधांत सर्वांत वरच्या पायरीवर ठेवलंय. त्वचेवरच्या पुळीसाठी ते वापरलं, तर पुळीत असलेल्या जंतूला साध्या गोळीपेक्षा जास्त काही होत नाही. पण आतड्यात ज्याच्यावर काहीच आरोप नव्हता, त्या इ. कोलायमध्ये या औषधाला मोडून काढणारे वाण निवडले जातात. आजार त्वचेचा आणि किंमत आतड्याने मोजलेली, हे पहिल्यांदा नीट उमजतं तेव्हा सुईकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

म्हणून या कुत्र्याची आधी त्वचा खरवडून डेमोडेक्स बघायचा, कंगव्याने पिसवा शोधायच्या, मग पुळीची स्लाइड. स्लाइडमध्ये न्यूट्रोफिल भरपूर असूनही जंतू एकही नसेल तर सावध व्हायचं. पेम्फिगस नावाचा आजार, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते, असाच पुळ्या आणतो आणि तिथे अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नसतो. आपल्या कुत्र्यात मात्र पेशींच्या आत ठिपके आहेत. संसर्ग नक्की आहे, पण वरवरचा आहे.

इथे मला सर्वांत अचंबित करणारा आकडा येतो. २ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या शाम्पूत दर मिलिलिटरला २०,००० मायक्रोग्रॅम क्लोरहेक्सिडिन असतं. स्टॅफिलोकॉकसची वाढ थांबवायला काही मोजके मायक्रोग्रॅम पुरतात. फेसात पाणी मिसळून ते बरंच पातळ झालं तरी शेकडो पटींची आघाडी शिल्लक राहते. तोंडाने दिलेली गोळी आतड्यातून रक्तात आणि रक्तातून त्वचेत पोहोचेपर्यंत मिलिलिटरमागे थोडेच मायक्रोग्रॅम उरतात, आणि वाटेत तिने सगळ्या शरीरातल्या जंतूंना हात लावलेला असतो. वरवरच्या संसर्गात जंतू जिथे आहे तिथेच प्रचंड मात्रा पोहोचवायची सोय असताना आडवाट धरायची कशाला? २०२५ मध्ये पाळीव प्राण्यांच्या संसर्गरोगांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेने कुत्र्यांच्या पायोडर्मासाठी जी नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यातही वरवरच्या पायोडर्मात फक्त बाहेरून लावायच्या उपचाराला पहिली पसंती आहे.

अट एकच, फेस अंगावर दहा मिनिटं राहिला पाहिजे. घाईच्या घरात तो दोन मिनिटांत धुतला जातो, आणि मग "शाम्पूने काही होत नाही" असं म्हटलं जातं. आठवड्यातून दोन-तीन आंघोळी, मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर, नंतर अंग पूर्ण कोरडं करणं, मधल्या दिवशी क्लोरहेक्सिडिनचा फवारा, आणि पिसवा-गोचिडांवर स्वतंत्र औषध. आपल्या कऱ्हाडच्या कुत्र्याला सुरुवातीला इतकंच पुरे.

सगळ्याच घरांत हे जमत नाही. कुत्रा पाणी बघून चावतो, घरात म्हातारं माणूस एकटंच असतं, किंवा चट्टे अंगभर पसरलेले असतात. तेव्हा गोळी लागते आणि तिथे सेफॅलेक्सिन चांगलं. मात्रा दर किलोला २२ ते ३० मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा. १२ किलोला ३०० मिलीग्रॅम सकाळी आणि ३०० रात्री, म्हणजे किलोला २५. हे औषध रक्तात किती उंच चढतं यापेक्षा किती वेळ टिकतं यावर काम करतं. म्हणून एकदम ६०० देऊन रात्रीची गोळी चुकवली तर ते भरून निघत नाही.

किती दिवस द्यायची? तीन-चार आठवडे, आणि बरं दिसल्यावरही आणखी एक आठवडा, ही जुनी रीत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. आता वरवरच्या पायोडर्मात आधी दोन आठवड्यांचीच गोळी लिहायची आणि ती संपायच्या आत कुत्रा परत बघायचा, असा सल्ला आहे. खोल पायोडर्मात, जिथे गाठी आणि रक्त-पू वाहतो, तिथे तीन आठवड्यांनंतर हीच तपासणी. पुळ्या गेल्या, स्लाइड स्वच्छ, तर थांबायचं. रंग काळपट राहिला, केस अजून आले नाहीत, ही डागडुजी शरीर करतं, त्यासाठी गोळी चालू ठेवायची गरज नाही.

दिवस आजाराच्या नावावर नव्हे, जंतू कुठे राहतो त्यावर ठरतात. साध्या मूत्राशयाच्या संसर्गात औषध लघवीत साठून येतं, म्हणून ३ ते ५ दिवस पुरतात. उलट एर्लिकिया, ज्याला आपण गोचीडताप म्हणतो, तो जंतू पांढऱ्या पेशीच्या आत घर करून बसतो. त्यासाठी डॉक्सिसायक्लिन दिवसाला किलोमागे १० मिलीग्रॅम, सलग २८ दिवस, आणि तिथे काटकसर करायची नाही. पण याच २८ दिवसांत त्या कुत्र्याच्या नाकातला स्टॅफिलोकॉकसही डॉक्सिसायक्लिन रोज भोगत असतो. ताप आला, गोचीड दिसला, लगेच डॉक्सी, असं करण्याआधी रक्ताची स्लाइड, प्लेटलेट, शक्य असेल तर रॅपिड टेस्ट करण्याचं खरं कारण हे आहे.

दोन आठवडे गोळी घेऊनही नव्या पुळ्या येत असतील, तर औषध बदलायचं नाही, पू प्रयोगशाळेत पाठवायचा. कारण हा जंतू मेकए नावाचं जनुक मिळवू शकतो. सेफॅलेक्सिन, अमॉक्सिसिलिन ही औषधं जंतूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनाला चिकटून बांधकाम थांबवतात. मेकए असलेला जंतू त्या प्रथिनाचं एक वेगळं रूप बनवतो, त्याला ही औषधं धरताच येत नाहीत. जवळजवळ सगळा पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन गट एका फटक्यात निकामी होतो, क्लॅव्हुलॅनिक आम्ल जोडलेला सुद्धा. असे वाण बऱ्याचदा एन्रोफ्लॉक्सॅसिन, क्लिंडामायसिनही पचवतात. तरीही शाम्पूचे ते हजारो मायक्रोग्रॅम त्यांनाही सहसा झेपत नाहीत, म्हणून वरवरच्या पायोडर्मात असा वाण सापडला तरी उपचाराची वाट बंद होत नाही.

जिल्ह्यात पशूंसाठीची कल्चर प्रयोगशाळा जवळ नसेल, तर नमुना माणसांच्या प्रयोगशाळेत जातो. तिथे एक बारीक घोळ होतो. माणसांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस नेहमीचा, म्हणून कुत्र्याचा जंतूही त्याच नावाने छापला जाऊ शकतो. ऑरियसमध्ये मेकए शोधायला सेफॉक्सिटिनची चकती लावतात. स्यूडइंटरमीडियसमध्ये ती चकती विश्वासाची नाही, वाण प्रतिरोधक असूनही रिपोर्टवर औषध लागू पडतं असं येऊ शकतं. इथे ऑक्सासिलिनची चकती हवी, आणि तिच्याभोवतीचं मोकळं वर्तुळ १७ मिलिमीटर किंवा कमी असेल तर वाण प्रतिरोधक धरायचा. पावतीवर फक्त "पू, कल्चर" असं लिहून भागत नाही. "कुत्र्याच्या त्वचेचा नमुना, स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस अपेक्षित, ऑक्सासिलिन तपासावे, सेफॅलेक्सिन १४ दिवस दिले आहे" असं लिहून नमुना पाठवायचा.