गाडी सुटली की सुटली होती?

‘मी काल पुण्याला गेलो होतो.’ या मराठी वाक्यात खोट काढायला जागा नाही. पण हाच माणूस इंग्रजीत ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे’ म्हणाला की इंग्रज ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो. गेला होतास, बरं, मग? त्यानंतर काय झालं, ज्याच्या आधी तू गेला होतास? पुढे काहीच येत नाही. सांगणाऱ्याला एवढंच सांगायचं होतं की काल पुण्याला जाऊन आलो, आणि त्यासाठी ‘आय वेन्ट’ पुरेसं होतं.

ही चूक इंग्रजी कच्चं असल्याची नाही. तिचं मूळ शाळेत आहे. मराठी व्याकरणात आपण पूर्ण भूतकाळ शिकतो आणि इंग्रजीच्या तासाला त्याच्यासमोर पास्ट परफेक्ट लिहून मोकळे होतो. रूपं जुळतात, पण त्यांची कामं पूर्णपणे जुळत नाहीत. मराठीतलं ‘होता’ दोन कामं करतं. ‘मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ इथे ते दोन घटनांचा क्रम लावतं. ‘तो पुण्याला गेला होता’ इथे मात्र ते वेगळंच सांगतं: गेला, परत आला, तो विषय संपला. ‘तो पुण्याला गेला’ म्हटलं तर तो अजून तिकडेच असू शकतो. गोष्ट सांगताना इंग्रजी पास्ट परफेक्टकडे यातलं पहिलं काम आहे, दुसरं नाही.

म्हणूनच घटनांचा क्रम लावायला सांगणाऱ्या स्वाध्यायांत आपली मुलं दोन्ही बाजूंनी घसरतात. एक तर सगळ्या क्रियापदांना ‘हॅड’ लावतात, नाही तर ‘जे आधी घडलं त्याला हॅड’ असं पाठ करून ठेवतात. दुसरा नियम ऐकायला बरा वाटतो, पण अर्धाच आहे. गोष्टीत शेवटची घटना सोडली तर प्रत्येक घटना कशाच्या तरी आधीचीच असते. मग सगळीकडेच ‘हॅड’ लावायचा का?

हान्स रायशेनबाख या जर्मन तत्त्वज्ञाने 1947 साली याची नेटकी उकल मांडली. तो तीन बिंदू मानतो: बोलण्याची वेळ, घटनेची वेळ आणि जिथे उभं राहून आपण घटनेकडे बघतो ती वेळ. साध्या भूतकाळात घटना आणि बघण्याची जागा एकच असते. पास्ट परफेक्टमध्ये बघणारा भूतकाळात एका ठिकाणी उभा असतो आणि तिथून आणखी मागे वळून बघतो. अशी उभं राहायची जागा मजकुरात नसेल तर ‘हॅड’ लोंबकळतो. पुण्याच्या वाक्यात नेमकं तेच होतं.

आता एक छोटा उतारा घेऊ. ‘मीना रीच्ड होम ॲट नाइन. द डोअर वॉज ओपन. समबडी हॅड ब्रोकन द लॉक. शी कॉल्ड हर नेबर. ही हॅड हर्ड अ नॉइज.’ कागदावर घटना अशा येतात: मीना घरी पोचली, कुलूप तोडलं गेलं होतं, तिने शेजाऱ्याला हाक मारली, त्याने आवाज ऐकला होता. घडताना मात्र कुलूप आधी तुटलं, आवाज तेव्हाच झाला, मग मीना आली आणि तिने हाक मारली. कागदावरचा क्रम घडण्याच्या क्रमापासून दोनदा सुटतो आणि त्या दोन्ही ठिकाणी ‘हॅड’ आहे. हाच प्रसंग जसा घडला तसा सांगितला, म्हणजे कुणीतरी कुलूप तोडलं, शेजाऱ्याने आवाज ऐकला, मीना आली, तिने हाक मारली, तर चारही क्रियापदं साध्या भूतकाळात येतील. ‘ब्रोक, हर्ड, रीच्ड, कॉल्ड’, बस्स. सगळ्यात जुनी घटना असूनही कुलूप तोडण्याला ‘हॅड’ लागणार नाही. (दार उघडं दिसल्याची धडकी त्यात उरत नाही, ही गोष्ट वेगळी.)

या उताऱ्यात एक अडचण आहे आणि ती बहुतेक स्वाध्यायांत असते. कुलूप आधी तुटलं की आवाज आधी झाला, हे ‘हॅड’ सांगत नाही. दोघांनाही ‘हॅड’ आहे, म्हणजे दोन्ही घटना आपापल्या बिंदूच्या मागे आहेत, एवढंच. शेजाऱ्याचा बिंदू हाक मारण्याचा आहे, त्यामुळे निव्वळ व्याकरणाने पाहिलं तर त्याने आवाज नऊनंतरही ऐकलेला असू शकतो. तो कुलूप तोडण्याचाच आवाज, हे आपण व्यवहारज्ञानाने ठरवतो. उत्तरपत्रिकेत एकच क्रम बरोबर धरायचा असेल तर स्वाध्याय करणाऱ्याने ‘ॲट सेव्हन’ असं काहीतरी घालायलाच हवं.

मग मराठी मुलाने ठरवायचं कसं? मला सगळ्यात उपयोगी वाटते ती चाचणी मराठीतच करता येते. वाक्य मराठीत म्हणायचं आणि ‘होता-होती’ काढून बघायचं. ‘मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ मधून ‘होती’ काढलं की ‘मी पोचलो तेव्हा गाडी सुटली’ उरतं. म्हणजे मी पोचलो आणि डोळ्यांदेखत सुटली. क्रम बदलला, तर इंग्रजीतही ‘हॅड लेफ्ट’ हवंच, कारण ‘व्हेन आय अराइव्ह्ड, द ट्रेन लेफ्ट’ म्हणजे अगदी हेच. उलट ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ मधून ‘होतो’ काढलं तरी कुठलाही क्रम बिघडत नाही, फक्त परत आल्याची छटा जाते. तिथे साधा भूतकाळ.

आपली पंचाईत आणखी एका सवयीने होते. ‘चहा पिऊन, कुलूप लावून तो निघाला’ असं आपण सहज म्हणतो. ‘ऊन’ने क्रम लागतो आणि काळाचा विचारच करावा लागत नाही. इंग्रजीत हे काम बऱ्याचदा ‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ करतात. ते असतील तर ‘हॅड’ बहुधा ऐच्छिक असतो. ‘आफ्टर ही लॉक्ड द डोअर, ही लेफ्ट’ आणि ‘आफ्टर ही हॅड लॉक्ड द डोअर, ही लेफ्ट’ ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पहिल्याला चूक ठरवणारी उत्तरसूची दिसली तर तिच्याशी खुशाल वाद घालावा.

लांब गोष्टीत मागे जायचं तेव्हा इंग्रजी लेखक पहिल्या एक-दोन वाक्यांत ‘हॅड’ लावतात आणि वाचक मागच्या काळात पोचला की साध्या भूतकाळावर येतात. आपली मुलं इमानेइतबारे पानभर ‘हॅड’ ओढत नेतात. त्यात चूक नसते, पण वाचवत नाही. खरी कसरत परतीची असते: ‘दॅट इव्हनिंग’ किंवा ‘नाउ’सारखा एखादा शब्द नसेल तर मागची गोष्ट कुठे संपली, ते वाचकाला कळत नाही.

आणि ‘आधी घडलं त्याला हॅड’ म्हणणाऱ्यांसाठी एक वाक्य: ‘द बस लेफ्ट बिफोर ही हॅड फिनिश्ड हिज टी.’ इथे ‘हॅड’ चहा संपवण्याला आहे, पण आधी सुटली ती बस. चहा नंतर संपला असेल किंवा तसाच टेबलावर राहिला असेल; वाक्य ते सांगत नाही. मराठीत आपण ‘त्याचा चहा संपायच्या आत बस सुटली’ म्हणतो, आणि त्यात ‘होता’ कुठेच नाही.