प्राध्यापकांना फ्रेंचमधून पत्र

फ्रान्समध्ये पीएचडीसाठी मार्गदर्शक शोधायचा, तर बहुधा अर्जाआधी एक ईमेल जाते. त्यात पहिली चूक शब्दाचीच होते. फ्रान्सच्या विद्यापीठांत 'तेज' म्हणजे पीएचडीचा प्रबंध. एमएच्या प्रबंधाला 'मेमवार' म्हणतात. एमएसाठी लिहिताना 'तेज' म्हटले, की प्राध्यापकांना मागणी भलतीच वाटते.

ईमेल लिहिण्याआधी प्राध्यापकांच्या परिचयात 'आश-दे-एर' ही अक्षरे पाहावीत. संशोधनाला मार्गदर्शन करण्याची ही पात्रता साधारणतः पीएचडीनंतर वेगळी मिळवावी लागते. ती नसलेले अध्यापक सहमार्गदर्शक होऊ शकतात, पण मुख्य जबाबदारी सहसा पात्रताधारकाकडे असते.

समजा, पुण्यातल्या एका विद्यार्थिनीला १७७७ मध्ये पेशव्यांच्या दरबारी आलेल्या सें-ल्यूबें या फ्रेंच दूतावर संशोधन करायचे आहे. तिच्या ईमेलच्या विषयात 'मार्गदर्शनाची विनंती' आणि संशोधनाचा विषय एवढेच हवे. सुरुवात नुसती 'मादाम' किंवा 'मस्यो' अशी, पुढे स्वल्पविराम. औपचारिक फ्रेंच पत्रात या संबोधनापुढे आडनाव लावत नाहीत, आणि अनोळखी प्राध्यापकांना 'शेर' (प्रिय) म्हणणे सलगीचे ठरते. अर्थात सर्वत्र 'वू', म्हणजे आपण, 'त्यू' नाही.

पहिल्या वाक्यात ती कोण, हे यावे. दुसऱ्यात विनंती. 'ज व्यू', म्हणजे 'मला हवे आहे', हे तिथे उद्धट वाटते. त्याऐवजी क्रियापद संकेतार्थी रूपात घालून 'आपण मार्गदर्शन करायला तयार व्हाल का', असे विचारतात. मराठीतल्या 'कराल का'सारखाच हा मऊपणा.

खरे वजन मात्र पुढच्या परिच्छेदाला. 'आपले कार्य थोर आहे' या स्तुतीने काही साधत नाही. ते वाक्य कुणालाही पाठवता येते. प्राध्यापिकेच्या एखाद्या लेखातला कोणता प्रश्न पुढे न्यायचा आहे, ते सांगावे. एक्स-आं-प्रोवांस येथील फ्रेंच वसाहतींच्या दप्तरखान्यात काय शोधणार, आणि मोडी वाचता येत असल्याने पेशवे दप्तरातले कागद त्यांच्याशी कसे ताडून पाहता येतील, हे दोन-चार वाक्यांत लिहिले, की तिची निवड का करावी याचे उत्तर मिळते. सोबत परिचय, गुणपत्रिका आणि दोन पानांचा संशोधन-आराखडा जोडावा. तीन वर्षांचा खर्च कुठून भागणार, याचाही उल्लेख हवा. पैशाची सोय नसेल, तर काही विद्याशाखांत नोंदणीच अडते.

समारोपातल्या ठरीव वाक्यात सुरुवातीचे संबोधन जसेच्या तसे पुन्हा येते. तिथे व्याकरणाचा एक सापळा आहे. 'उत्तराची वाट पाहत' असा आरंभ करून पुढे 'व्येये आग्रेए', म्हणजे 'आपण स्वीकारावे', लिहिले, तर वाट पाहणारे प्राध्यापकच ठरतात. 'ज वू प्री', म्हणजे 'मी विनंती करते', लिहिले की कर्ता जुळतो.

दोन-तीन आठवड्यांत उत्तर आले नाही, तर त्याच ईमेलखाली दोन ओळींची आठवण पाठवणे तिथे गैर मानत नाहीत.