आधी धूळ, मग कापड

दुचाकीवरून घरी आलेला माणूस चष्मा काढतो, काचेवर तोंडाची वाफ सोडतो आणि सदऱ्याच्या टोकाने खसाखसा पुसतो. काच लख्ख दिसते. तोच चष्मा ट्यूबलाइटखाली तिरका धरून पाहा. वर्षभर असा पुसला असेल, तर बोट जिकडे फिरलं तिकडे केसासारख्या बारीक, वक्र रेघा उमटलेल्या दिसतात.

सुती कापड मऊच असतं. रेघा ओढते ती धूळ. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूचेच बारीक कण असतात. मोह्सच्या काठिण्यमापनात क्वार्ट्झचा क्रमांक ७; खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. आणि चष्म्याची ‘काच’ आता बहुतेक वेळा प्लास्टिकची असते, ती त्याहून मऊ. म्हणून तिच्यावर काही मायक्रॉन जाडीचा कडक लेप देतात आणि त्यावर अँटी-ग्लेअर कोटिंगचे थर चढवतात. हिरवट-निळसर झाक दिसते ती या थरांमुळे. सगळे मिळून त्यांची जाडी साधारण अर्ध्या मायक्रॉनहून कमी. कापड आणि काच यांच्यामध्ये सापडलेला वाळूचा कण बोटाच्या दाबाने हे थर सहज खरवडतो. तिथे उजेड विखुरतो आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे पसरट दिसू लागतात.

टिश्यू पेपर लाकडाच्या लगद्याचा असतो. तो धूळ पोटात घेत नाही, काचेवरून पुढे रेटतो. मायक्रोफायबरचे धागे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे, केसापेक्षा कितीतरी बारीक चिरलेले असतात. तेलकटपणा आणि बारीक धूळ धाग्यांमधल्या फटींत अडकते. तरी धुळीने माखलेल्या कोरड्या काचेवर हे कापडही घासू नये.

चष्मा पुसायच्या स्प्रेचं खरं काम इथेच आहे. त्यात मुख्यतः पाणी असतं, थोडा साबणासारखा घटक आणि अनेकदा थोडं अल्कोहोल. ते धुळीचा आणि घामाच्या तेलाचा थर सैल करतं. त्यामुळे एखादा फवारा मारून लगेच रगडण्याऐवजी दोन्ही बाजू चांगल्या ओल्या कराव्यात, ओघळ खाली येऊ द्यावा आणि मग हलक्या हाताने टिपावं. धूळ जास्त असेल तर स्प्रेपेक्षा नळाची धार बरी: साधं पाणी, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, पुन्हा पाणी, मग कापड. पाणी गरम नको. प्लास्टिक उष्णतेने जास्त फुगतं, कोटिंग तेवढं फुगत नाही, आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या चष्म्याचंही हेच होतं. खिडक्या पुसायचा अमोनियावाला स्प्रे आणि अ‍ॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर चष्म्यापासून लांब ठेवा.

मायक्रोफायबरचं कापडही धुवावं लागतं, नाहीतर अडकलेली धूळ तेच परत काचेवर फिरवतं. साध्या साबणाने धुवा, फॅब्रिक कंडिशनर टाळा. त्याचा मेणचट थर धाग्यांवर बसतो आणि काचेवर डाग उमटतात.

पडलेल्या रेघा टूथपेस्टने जातात असं सांगणारे बरेच भेटतात. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते. ती रेघेच्या आजूबाजूचं धड कोटिंगही खरवडून काढते.