दोनशे वीसमधून वय वजा करण्याआधी

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, अंगभर फिरून आलेलं रक्त जिथे येऊन पडतं तिथे, पेशींचा एक छोटासा पुंजका असतो. त्याला सायनस नोड म्हणतात. मेंदूकडून येणाऱ्या सगळ्या नसा तोडल्या तरी तो थांबत नाही, स्वतःच्या लयीत मिनिटाला साधारण शंभर ठोके देत राहतो. हृदयरोपण झालेल्या माणसांत हे प्रत्यक्ष दिसतं. नव्या हृदयाला जुन्या नसा जोडलेल्या नसतात, त्यामुळे ती माणसं निवांत बसलेली असतानाही नाडी नव्वद-शंभरच्या आसपास असते.

मग आपली सत्तर कशी? व्हेगस नावाची नस सतत ब्रेक दाबून बसलेली असते म्हणून. धावायला लागल्यावर आधी हा ब्रेक सुटत जातो. मग दुसऱ्या नसा आणि रक्तातलं अ‍ॅड्रिनलिन मिळून ठोके आणखी वर ढकलतात. पण एक आकडा असा येतो की त्यापुढे कितीही जीव तोडून धावलात तरी ठोका वाढत नाही. हे कमाल ठोके. वयाबरोबर ही मर्यादा खाली सरकते, कारण नोडची मूळ लय मंदावते आणि अ‍ॅड्रिनलिनला तो पूर्वीइतकी दाद देत नाही. गंमत म्हणजे सरावाने ती वर जात नाही. एकाच वयाच्या, सारख्याच वेगाने धावणाऱ्या दोघांत एकाची कमाल 168 आणि दुसऱ्याची 192 असू शकते, आणि त्यावरून कोण सरस हे मुळीच ठरत नाही.

आता ही मर्यादा कळायची कशी? बहुतेक घड्याळं दोनशे वीसमधून वय वजा करतात. हे सूत्र 1970 च्या सुमारास अमेरिकेत रूढ झालं. सॅम्युएल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल या संशोधकांनी तेव्हा प्रसिद्ध असलेल्या अभ्यासांतले आकडे आलेखावर मांडले आणि त्यांतून ढोबळ रेषा काढली. प्रत्येकाच्या सरावाला लावायचा नियम म्हणून ती काढलेलीच नव्हती, पण लक्षात ठेवायला इतकी सोपी की व्यायामशाळांच्या भिंतींवर जाऊन बसली. पुढे 2001 मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी शेकडो अभ्यास एकत्र करून 208 − 0.7 × वय हे सूत्र दिलं. ते जास्त भरवशाचं आहे, विशेषतः चाळिशीनंतर, कारण जुनं सूत्र उतारवयातली कमाल खरीपेक्षा कमी सांगतं.

पण सूत्र कुठलंही घ्या, ते सरासरी सांगतं, आणि त्या सरासरीभोवती माणसं दूरवर पसरलेली असतात. साधारण दोनतृतीयांश लोक सूत्राच्या आकड्यापासून दहा ठोक्यांच्या आत असतात, उरलेले त्याच्याही पलीकडे. सूत्र 176 म्हणत असताना एखाद्याची खरी कमाल 160 किंवा 195 निघाली तर त्यात आजार काहीच नाही.

म्हणून मोजावं. समजा, पंचेचाळीस वर्षांची एक बाई दोन वर्षं नियमित धावते आहे, प्रकृती ठणठणीत आहे. जुन्या सूत्राने तिची कमाल 175, नव्या सूत्राने 176 किंवा 177. आदल्या दिवशी विश्रांती घेऊन ती सकाळी छातीचा पट्टा बांधते आणि दोनतीन मिनिटं सलग चढता येईल असा टेकडीचा रस्ता गाठते. पंधरा-वीस मिनिटं हळूहळू वेग वाढवत अंग तापवते. मग चढ जोरात चढायचा, हळू पळत खाली यायचं, पुन्हा चढायचा. तिसऱ्या खेपेला शेवटच्या अर्ध्या मिनिटात काही राखून ठेवायचं नाही. माथ्यावर पट्टा 188 दाखवतो. नव्या सूत्रापेक्षाही ती अकरा-बारा ठोके वर आहे.

ही चाचणी सगळ्यांनी करायची नाही. छातीत दुखतं, चक्कर येते, मधुमेह किंवा रक्तदाब आहे, किंवा बऱ्याच वर्षांत पळणं झालेलं नाही, अशांनी आधी डॉक्टरांना विचारावं. रक्तदाबाच्या बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांना तर कुठलंच सूत्र लागू होत नाही, कारण त्या गोळ्या ठोके फार वर जाऊ देत नाहीत. आणि दवाखान्यातल्या स्ट्रेस टेस्टच्या कागदावरचा सर्वांत मोठा आकडा म्हणजे आपली कमाल असं धरू नका. ती टेस्ट अनेकदा अंदाजित कमालीच्या 85 टक्क्यांच्या पुढे गेल्यावर थांबवतात.

पट्टाच का, तर मनगटावरचं घड्याळ त्वचेखालच्या रक्ताची लाट प्रकाशाने वाचतं आणि पळताना कधी कधी हाताच्या हेलकाव्यालाच ठोका समजतं. आरामात पळताय, श्वास शांत आहे, तरी घड्याळ 170 वर अडून बसलंय? मिनिटातली पावलं मोजून पाहा. तीही 170 च्या आसपास भरली तर घड्याळ हृदय मोजत नाहीये.

आता झोन. निवांत पळण्याच्या झोन टूला बहुतेक घड्याळं कमालीच्या 60 ते 70 टक्के धरतात. कमाल 175 मानली तर हे 105 ते 122 होतं. इतक्या ठोक्यांत आपल्या बाईला पळताच येत नाही, चालावं लागतं. खरी कमाल 188 घातली तरी 113 ते 132. बरेच हौशी धावपटू इथेच हिरमुसतात आणि आपल्याला हळू पळणं जमत नाही असं ठरवून टाकतात. खरं तर दोष टक्का कशाचा काढला यात आहे.

मार्टी कार्व्होनेन या फिनिश शास्त्रज्ञाने 1957 मध्येच वेगळी रीत दाखवली होती. हृदय शून्यापासून धावत नाही, ते विश्रांतीच्या ठोक्यापासून वर चढतं, म्हणून टक्के त्या मधल्या अंतराचे काढायचे. या बाईची सकाळी अंथरुणातली नाडी 58. 188 मधून 58 गेले, उरले 130. त्याचे 60 टक्के 78, त्यात 58 मिळवले की 136. त्याच रीतीने 70 टक्क्यांना 149. म्हणजे टक्के तेच, माणूस तोच, पण एका रीतीने 132 ला थांबायचं आणि दुसरीने 149 पर्यंत जायचं!

यातलं खरं कोणतं, ते श्वासाला विचारावं. हळूहळू वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर श्वास अचानक वाढतो. निवांत पळणं त्याच्या खाली असतं. सोबतच्या मैत्रिणीला कालच्या भांडणाची हकिगत लांबलचक वाक्यांत, मध्ये दम न घेता सांगता आली तर ठीक. आपली बाई 140 ला सहज बोलते, 145 लाही बोलते, 149 ला मात्र वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागतो. तिने वरची हद्द 145 धरावी. घड्याळाच्या सेटिंगमध्ये हा आकडा हाताने घालता येतो.

तरी आकडा एका जागी राहत नाही. मे महिन्यात मुंबईच्या दमट हवेत पहिल्या वीस मिनिटांत 138 असलेले ठोके वेग न वाढवताही तासाभरात 150 ओलांडतात. घामाने रक्तातलं पाणी घटतं, शिवाय अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे जातं, म्हणून दर ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं आणि ती तूट हृदय जास्त ठोक्यांनी भरून काढतं. अशा दिवशी वेग कमी करावा, चढावर चालावं.

फरक पाहायचा तर दर महिन्याला एकदा, त्याच सपाट रस्त्यावर, त्याच वेळी, साधारण तशाच हवेत अर्धा तास 140 च्या आसपास पळावं आणि अंतर लिहून ठेवावं. काही महिन्यांनी त्याच ठोक्यांत जास्त अंतर कापलं जातं. कमाल 188 च राहते, पण प्रत्येक ठोक्यातून आता जास्त रक्त बाहेर पडतं आणि पायांचे स्नायू त्यातून जास्त प्राणवायू काढून घेतात. सकाळची नाडीही 58 वरून 54 वर आलेली असू शकते. तसं झालं की कार्व्होनेनचं गणित नव्याने मांडायचं.