चौथा कितवा येतो?

रविवारी क्रॉस कंट्री आहे, अंतर ४ किलोमीटर. सोमवारी प्रार्थनेनंतर आठवड्याचं नियोजन लिहिलेली चिठ्ठी मी क्रीडासाहित्याच्या खोलीच्या दारावर लावली. मुलं वाचून थोडी नाराजच झाली. एरवी आठवड्याला २४ किलोमीटर पळणाऱ्यांना या वेळी जेमतेम साडेबारा! गेल्या वर्षी मीच चुकलो होतो. अंदाज यावा म्हणून शुक्रवारी पूर्ण ४ किलोमीटर जोरात पळवलं, आणि रविवारी पहिल्याच चढाला सगळ्यांच्या पोटऱ्या भरून आल्या. शेवटच्या आठवड्यात दम वाढत नाही, साचलेला थकवा तेवढा उतरतो. म्हणून अंतर निम्मं करायचं, पण वेग सोडायचा नाही. वेगही सोडला तर पाय जड पडतात.

वेगाचं काम फक्त बुधवारी. आमच्या मुलांचं लक्ष्य १६ मिनिटांचं, म्हणजे ४०० मीटरला ९६ सेकंद. तेवढ्याच वेळात चार फेऱ्या मारायच्या आणि प्रत्येक फेरीनंतर दोन मिनिटं चालायचं. आधी आणि नंतर एकेक किलोमीटर सावकाश. ऐकायला सोपं वाटतं, पण हटकून कुणीतरी पहिली फेरी ८५ सेकंदांत मारतो आणि चौथीला १०८ वर येतो. शर्यतीतही तो असाच सुटणार, हे तिथेच कळतं. सोमवारी ४ आणि गुरुवारी ३ किलोमीटर रमतगमत, म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे इतक्या वेगाने. शनिवारी मार्ग चालून पाहायचा आणि दोनेक किलोमीटर हलकं पळायचं. नांगरट कुठे लागते, वाट कुठे अरुंद होते, हे तेव्हाच बघून ठेवायचं. चढावर ९६ सेकंदांचा हिशेब विसरायचा. तिथे श्वास सपाटीइतकाच लागला पाहिजे, वेळ वाढला तर वाढू दे.

रोज सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहायची. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त भरले, तर मला सांगायचं. बहुतेक वेळा झोप कमी झालेली असते किंवा ताप यायचा असतो.

चिठ्ठीत एक गणितही आहे. संघात सहा जण धावतात, पहिल्या चौघांचे क्रमांक मोजतात, आणि ज्यांची बेरीज कमी तो संघ जिंकतो. समजा, समोरच्यांचे चौघे १, २, २० आणि ३० वे आले, तर बेरीज ५३. आमचे ५, ९, १४ आणि २२ वे आले, तर ५०. पहिले दोन नंबर त्यांचे, पण ढाल आमची. म्हणून माझं लक्ष पहिल्यापेक्षा चौथ्या मुलावर जास्त असतं. तो शेवटच्या किलोमीटरमध्ये चार जणांना मागे टाकतो की चार जण त्याला, यावर सगळं फिरतं.

मंगळवार आणि शुक्रवार पूर्ण विश्रांती. शुक्रवारपुढे मी ठळक लिहिलं होतं, ‘मैदानावर दिसायचं नाही.’ तरी त्या संध्याकाळी दोघं पाण्याच्या टाकीमागे पळताना सापडलेच. त्यातला एक आमचा चौथा.